तुझं प्रोफाइल वाचलं, म्हणजे नेमकं काय वाचलं?

आमच्या भागातल्या मुलींमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. डेटिंग अ‍ॅपवर नुसता 'हाय' आला तर सोडून द्या, चार ओळींचा मेसेज आला तर उत्तर द्या, कारण त्याने मेहनत घेतली आहे. परळ-लालबागच्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या, दादरला क्लासला येणाऱ्या, गिरगावात भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी जणी हाच नियम वापरतात. आमचं म्हणणं असं की हा नियम सपशेल चुकीचा आहे. तो चुकीचा आहे एवढंच नाही, तर ज्याच्याकडे पाठ केलेलं भाषण तयार आहे त्याचंच त्यामुळे फावतं, आणि जो खरोखर वाचून दोन शब्द लिहितो तो बाहेर राहतो.

लांबी म्हणजे मेहनत, हे समीकरण हाताने पत्र लिहायच्या काळातलं आहे. तेव्हा चार ओळी लिहायला चार ओळींइतका वेळ लागायचाच. मोबाइलवर चाळीस ओळी चिकटवायला बोट दोन सेकंद दाबून धरावं लागतं. हे आम्ही अंदाजाने बोलत नाही. अमेरिकेतल्या 'ओकेक्यूपिड' या डेटिंग साइटचा एक संस्थापक ख्रिश्चन रडर याने 2014 साली 'डेटाक्लिझम' नावाचं पुस्तक लिहिलं. साइटवरच्या मेसेजमध्ये किती अक्षरं आहेत आणि ती लिहिताना प्रत्यक्षात किती कळा दाबल्या गेल्या, याची त्याने तुलना केली. साधा हिशेब आहे. मेसेज तीनशे अक्षरांचा आणि कळा दाबल्या पाच, तर तो मेसेज लिहिलेला नाही, चिकटवलेला आहे. असे मेसेज ढिगाने निघाले. एका पठ्ठ्याने तर सिगारेट, भटकंती आणि एका वास्तुविशारदाचं प्रदर्शन यांची गुंफण करून एक मेसेज बनवला होता. वाचणारीला वाटावं की हा फक्त माझ्यासाठीच लिहिला आहे. तो मेसेज बेचाळीस बायकांना गेला होता.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट. रडरच्याच आकड्यांनुसार चिकटवलेला मेसेज नव्याने लिहिलेल्या मेसेजच्या तुलनेत सुमारे 75 टक्के प्रभावी ठरत होता. म्हणजे घेणाऱ्याला चारपैकी तीन वेळा फरक पडत नव्हता. पाठवणाऱ्याचा वेळ मात्र जवळपास सगळा वाचत होता. मग कोण कशाला लिहील? म्हणून 'कॉपी-पेस्ट करणारे पुरुष नालायक असतात' एवढं म्हणून थांबणं आम्हाला पटत नाही. ज्या बाजारात शंभर ठिकाणी माल टाकला तर दोन ठिकाणी उत्तर येतं, तिथे माणूस माल टाकणारच. दोष वृत्तीत आहे तसा रचनेतही आहे, आणि कंपन्या ती रचना मुद्दाम घडवतात. 'बम्बल'चंच बघा. तिथे बाईने आधी बोलायचं, हाच त्यांचा मोठा विचार होता, आणि त्याच जाहिरातीवर 2018 साली ते भारतात आले. 2024 मध्ये त्यांनी नवी सोय काढली. बाईने एक प्रश्न एकदाच लिहून ठेवायचा, जुळणी झालेल्या प्रत्येकाला तोच आपोआप दिसणार. म्हणजे कॉपी-पेस्ट आता कंपनीच करून देते, आणि त्याला सक्षमीकरण म्हणते.

म्हणून प्रश्न 'चिकटवलं की लिहिलं' एवढाच ठेवून भागत नाही. प्रश्न असा आहे की समोरच्याने जे वाचलं म्हणून तो सांगतो, त्यातलं त्याने खरंच काय वाचलं आणि कशासाठी वाचलं.

एक उदाहरण घेऊ. ही मुलगी कुणी खरी व्यक्ती नाही, आम्ही समजावण्यासाठी उभी केली आहे. वय 28, राहणार परळ, लॅब टेक्निशियन. तीन फोटो. एक साधा चेहऱ्याचा. दुसरा चाळीच्या गॅलरीत, मांडीवर मांजर. तिसरा 6 डिसेंबरचा, शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलसमोर, हातात जड पिशवी. आणि तीन ओळी. 'माझा हट्ट: दादरचा प्लॅटफॉर्म मी जुन्याच नंबराने सांगणार.' 'रविवारी सापडेन: लालबागला, आईसोबत डंकावर मसाला कुटून घेताना.' 'हसू येतं: रात्रपाळी संपवून निघताना सकाळी सात वाजता कुणी गुड मॉर्निंग म्हणालं की.'

हे प्रोफाइल चांगलं आहे, कारण त्यात धरायला कड्या आहेत. 'मला फिरायला, खायला आणि गाणी ऐकायला आवडतं' असं लिहिणारीला कुणी वाचून मेसेज पाठवूच शकत नाही, कारण वाचण्यासारखं तिथे काही नाही. हे कठोर वाटेल, पण समोरच्याकडून लक्ष मागायचं तर लक्ष बसेल अशी एक जागा आपणही ठेवायला हवी. ज्यांनी एकही जागा ठेवली नाही त्यांनी कॉपी-पेस्टची तक्रार जरा हळू आवाजात करावी.

तर तिला पहिला मेसेज येतो: 'तुझ्या डोळ्यांत काहीतरी गूढ आहे. मी सहसा स्वतःहून मेसेज करत नाही, पण तुझं प्रोफाइल इतरांपेक्षा वेगळं वाटलं. खरं सांग, तुला डोंगर आवडतात की समुद्र?' नियमाप्रमाणे हा पास. तीन वाक्यं, स्तुती, प्रश्न, सगळं आहे. आता हा मेसेज उचला आणि शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या इनबॉक्समध्ये टाकून बघा. एक अक्षर बदलावं लागतं का? नाही. मग तो हिला लिहिलेलाच नाही. आमची पहिली कसोटी एवढीच आहे आणि ती दहापैकी सात मेसेज बाहेर काढते. 'प्रोफाइल वेगळं वाटलं' हे वाक्य तर हमखास फसवं. वेगळं वाटणाऱ्याला काय वेगळं आहे ते सांगता येतं.

दुसरा मेसेज जास्त चलाख: 'अरे वा, परळ! माझे बरेच मित्र परळला आहेत. तुम्ही परळकर लोक फार मनमोकळे असता. सांग ना, परळमध्ये सगळ्यात भारी चहा कुठे मिळतो?' हा मेसेज तसाच्या तसा दुसरीला टाकता येत नाही, असं वाटतं. पण 'परळ'च्या जागी 'गिरगाव' घालून बघा, 'मुलुंड' घालून बघा. बसतो. हा साचा आहे, त्यात एक रिकामी जागा आहे आणि तीत पत्त्याचं नाव भरलं आहे. हाच प्रकार सध्या सगळ्यात जास्त चालतो, कारण तो लक्ष दिल्याचा भास देतो. पत्ता काही कुणी लिहून मिळवलेला नसतो, तो अ‍ॅपवर नावाच्या खालीच दिसतो.

अशा साच्याचा सांधा मराठीत इंग्रजीपेक्षा लवकर दिसतो, आणि ही आपल्या भाषेची मदत आहे. वरच्याच मेसेजात 'तुम्ही असता' नंतर लगेच 'सांग ना' आलं आहे. यातलं 'तुम्ही' परळकर सगळ्यांना उद्देशून आहे, म्हणून ते एकवेळ चालेल. पण एकटीलाच उद्देशून 'तुम्ही' म्हणत निघालेला माणूस तिसऱ्या वाक्यात 'तू'वर उतरला, तर थांबून बघावं. कधी तो नुसता गोंधळलेला असतो, कधी दोन ठिकाणचे दोन तुकडे जोडलेले असतात. कधी अर्धा मेसेज रोमन अक्षरांत आणि अर्धा देवनागरीत येतो. कधी तर 'तू कुठे राहतोस' असं राहून गेलेलं असतं, म्हणजे मूळ मजकूर कुणाकडून तरी उसना घेतला, लिंग बदलायचं विसरलं. इंग्रजीत हे सगळं 'यू'च्या पोटात झाकून जातं. अर्थात ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याची ही चूक सहज होते, त्यामुळे या एका खुणेवर कुणाला फासावर लटकवू नये.

तिसरा मेसेज: 'लालबाग म्हणजे राजा! दर वर्षी दर्शनाला जातेस का? रांगेत किती तास?' हा चिकटवलेला नसेलही. पण त्याने वाचलं काय? 'लालबाग' हा एक शब्द. त्याच ओळीत आई आहे, डंक आहे, मसाला आहे, ते सगळं सुटलं आणि त्या पाटीखाली जे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे ते त्याने परत केलं. शिवाय त्याच प्रोफाइलमध्ये 6 डिसेंबरचा फोटो असताना दर्शनाची रांग गृहीत धरली. जिच्याशी बोलायचं तिच्याऐवजी तिच्या पत्त्याच्या प्रसिद्धीशी तो बोलतो आहे. आमच्या मते हा वाईट माणूस नाही, घाईतला माणूस आहे. उत्तर द्यायचं तर द्यावं, पण त्याला वाचक समजू नये.

चौथा मेसेज आम्हाला सगळ्यात आवडतो: 'जुना तीन म्हणजे आता दहा ना? सात मिळवले की झालं, एवढ्यासाठी हट्ट कशाला?' यातलं गणित चुकलं आहे. दादरला 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म पश्चिम रेल्वेच्या पुढे सलग मोजले जातात. जुना एक झाला आठ, म्हणून सात मिळवायचे असं कुणालाही वाटेल. पण मधला जुना दोन नंबर आधीच काढून टाकून एक नंबर रुंद केला होता, त्यामुळे जुना तीन झाला नऊ. म्हणजे याचं उत्तर चूक. तरीही हा मेसेज पास, आणि वरच्या गूढ डोळ्यांपेक्षा कितीतरी वर पास. कारण त्याने तिचं वाक्य घेतलं, त्याच्याशी झटापट केली, तिला विरोध केला आणि तिला दुरुस्त करण्याची जागा ठेवली. हा मेसेज मुलुंडच्या मुलीला टाकला तर तिला तो कळणारसुद्धा नाही. खरं लक्ष बरोबर असतंच असं नाही. ते फक्त त्या एकाच वस्तूला चिकटलेलं असतं.

पाचवा: 'दगडफूल घालता का? आमच्याकडे यावरून आई आणि आजीचं भांडण आहे.' दोन वाक्यं, एकही स्तुती नाही. लांबीच्या नियमाने हा नापास झाला असता. पण यात त्याने तिच्या ओळीतून एक धागा ओढला, आपल्या घरातला एक धागा बाजूला ठेवला आणि तिला सहज उत्तर देता येईल असं काही विचारलं. पहिल्या मेसेजचं काम याहून जास्त नसतं.

सहावा मेसेज सकाळी सात वाजता येतो. फक्त 'गुड मॉर्निंग'. आता काय म्हणायचं? एकतर याने काहीच वाचलेलं नाही आणि रोज सकाळी पंचवीस जणींना हेच जातं. किंवा याने तिसरी ओळ वाचली, वेळ साधली आणि तिची थट्टा केली. शब्द तेच, वेळ तीच. कोणतीही कसोटी नुसत्या मजकुरावर इथे चालत नाही. तिने 'आता?' एवढंच उत्तर द्यावं आणि बघावं. वाचलेला माणूस लगेच रात्रपाळीवर येईल. न वाचलेला म्हणेल, 'हो, कशी आहेस, ब्रेकफास्ट झाला?'

इथे अ‍ॅपच्या एका युक्तीबद्दल सांगायला हवं. 'हिंज'वर संपूर्ण माणसाला नव्हे, तर त्याच्या एखाद्या फोटोला किंवा एखाद्या ओळीला लाइक करून तिथेच शेरा लिहिता येतो. त्यामुळे मसाल्याच्या ओळीला चिकटून 'हा हा, भारी' असं येतं आणि मुलीला वाटतं, त्याने ही ओळ निवडली. त्याने निवडली असेल, किंवा स्क्रोल करताना बोट तिथे थांबलं असेल. शेरा कुठे चिकटला आहे हे यंत्राने ठरवून दिलेलं लक्ष असतं. शेऱ्यात काय आहे तेवढंच त्याचं स्वतःचं.

आणि आता सातवा मेसेज, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. '6 डिसेंबरचा फोटो ना? शिवाजी पार्क वाटतंय. छान. मूळ गाव कुठलं तुमचं? पूर्ण नाव कळेल का?'

आमच्या सगळ्या कसोट्यांवर हा उतरतो. चिकटवलेला नाही. दुसरीला टाकता येत नाही. फोटो बारकाईने बघितला आहे, तारीख ओळखली आहे, जागा ओळखली आहे. एवढ्या लक्षाने आधीच्या सहा जणांपैकी कुणीच वाचलं नव्हतं. आणि तरीही तिच्या पोटात गोळा येतो, कारण हे लक्ष कुठे चाललं आहे हे तिला ठाऊक आहे. त्याला पुस्तकांच्या पिशवीत काय आहे ते जाणून घ्यायचं नाही. पिशवीवरून त्याने एक तर्क केला आहे आणि आता आडनावाने तो पक्का करून घ्यायचा आहे.

ज्यांना हा आमचा अतिरेक वाटतो त्यांनी मराठी वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती आठवाव्यात. 'आंतरजातीय चालेल' असं छापून पुढे कंसात 'एससी, एसटी क्षमस्व' असायचं. त्या कंसात निदान उघडपणा होता. अ‍ॅपवर तो कंस दिसत नाही, तो 'पूर्ण नाव कळेल का'मध्ये जाऊन बसला आहे. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म म्हणून जातीअंतर्गत विवाहाकडेच बोट दाखवलं होतं. अ‍ॅप आलं म्हणून ते मर्म विरघळलं, असं मानणाऱ्यांचा आम्हाला हेवा वाटतो. 2018 साली ख्रिस्तिना धनराज यांनी दलित स्त्रीच्या नजरेतून डेटिंग अ‍ॅपबद्दल लिहिलं होतं, तेव्हाही अनेकांना वाटलं की प्रेमात कशाला जात आणता. जात आम्ही आणत नाही. ती तिसऱ्या प्रश्नात आधीच आलेली असते.

म्हणून लक्ष आणि चौकशी यांत फरक करा. लक्ष देणारा तुम्ही जे मांडलं आहे त्याबद्दल विचारतो. चौकशी करणारा तुम्ही जे मांडलेलं नाही ते काढून घ्यायला बघतो आणि त्याबदल्यात स्वतःबद्दल एक शब्द देत नाही. दगडफुलवाल्याने आधी स्वतःच्या आई-आजीचं भांडण सांगितलं, मग विचारलं. सातव्याने फक्त विचारलं. गाव विचारणं हा काही गुन्हा नाही, आपल्याकडे लोकलमध्येही गाव विचारतात. पण पहिल्याच मेसेजात गाव आणि पूर्ण नाव एकत्र आले, आणि देणंघेणं एकतर्फी असलं, तर त्याला भोळेपणाने कुतूहल समजू नये. उपाय सोपा आहे: 'तुझं पूर्ण नाव, गाव आधी सांग, आणि हे का विचारलंस तेही.' साधा माणूस हसून सांगतो. दुसरा एकतर गप्प होतो किंवा 'सहज विचारलं' म्हणून पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या दाराने आणतो, म्हणजे वडील काय करतात, घर स्वतःचं का, शाळा कुठली.

आपल्या घरातही थोडं बोलूया. त्याच फोटोवर तिला पाच-सहा 'जय भीम'ही येतात. जय भीम हे अभिवादन आहे, त्याला उत्तर जय भीम. पण त्यामागे 'आपलीच मुलगी दिसली म्हणून मेसेज केला, तुझे विचार आवडले' असं येतं तेव्हा आम्ही विचारतो, कोणते विचार? तिने एकही विचार लिहिलेला नाही. तिने एक पिशवी धरली आहे. 6 डिसेंबरच्या फोटोवरून सातव्याने तिची जात वाचली आणि याने तिची निष्ठा वाचली, तिला मात्र दोघांनीही वाचलं नाही. 'विचार आवडले' हे वाक्य त्या दिवशी त्या मैदानावर फोटो काढलेल्या कुठल्याही मुलीला पाठवता येतं, म्हणजे ते पहिल्याच कसोटीवर पडतं. पिशवीत कोणती पुस्तकं होती, एवढं विचारणारा एकही कार्यकर्ता निघू नये, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं.

राहिला 'हाय' म्हणणारा. त्याला सरसकट कचऱ्यात टाकू नका, असं आमचं मत आहे, आणि यावर मैत्रिणी आमच्याशी भांडतात. अ‍ॅपचा सगळा कारभार इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत, चटपटीत बोलण्याची रीतही इंग्रजी शाळेतली. नगरपालिकेच्या शाळेतून आलेला मुलगा तिथे चार वाक्यं लिहायला घाबरतो. मराठीत लिहिलं तर गावंढळ ठरू, हीही भीती असते. त्याचा 'हाय' आणि शंभर जणींना एकदम फेकलेला 'हाय' दिसायला सारखेच. फरक दुसऱ्या मेसेजात कळतो, म्हणून त्याला एक मराठी वाक्य पाठवून बघायला काही खर्च येत नाही: 'हाय. तीन ओळींपैकी कोणती पटली नाही?' आमच्या उदाहरणातल्या मुलीने हे पाठवलं तर एक जण पुन्हा 'कशी आहेस' लिहील. दुसरा दहा मिनिटं गप्प राहील, प्रोफाइल उघडून बघेल, आणि मग लिहील की प्लॅटफॉर्मची, कारण नवीन आलेल्या माणसाला जुना नंबर सांगितला तर त्याची गाडी चुकते.